प्लेटिंगला गेलेला माल आणि वर्षाची मुदत

भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. मालक शाफ्ट तयार करतो, पण झिंक प्लेटिंगसाठी ते दुसऱ्याकडे पाठवतो. १० जून २०२४ रोजी २०० रुपयांचा एक असे १,००० शाफ्ट, म्हणजे दोन लाखांचा माल, टेम्पोत चढला. त्यावर जीएसटी भरावा लागला नाही, कारण माल विकलेला नव्हता. कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो जॉबवर्कसाठी करमुक्त जाऊ शकतो. बरोबर डिलिव्हरी चलन हवं. प्लेटिंगवाला नोंदणीकृत असेल, तर तो आपल्या मजुरीवर कर लावतो. नगाला आठ रुपये मजुरी असेल, तर कर आठ रुपयांवर. २०० रुपयांच्या शाफ्टवर नाही.

ही सवलत कायमची नाही. कच्चा किंवा अर्धवट माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, किंवा जॉबवर्करच्या जागेवरूनच नियमानुसार विकला जावा लागतो. यंत्रासारख्या भांडवली मालाला तीन वर्षं मिळतात. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदतच नाही.

माल एकदम परत आला तर अडचण येत नाही. तुकड्यातुकड्यांनी आला की हिशेब सुटतो. आपल्या उदाहरणात जुलैमध्ये ९०० शाफ्ट आले. उरलेल्या १०० नगांचं प्लेटिंग खराब निघालं, म्हणून ते काढून पुन्हा करायला तिथेच राहिले आणि विसरले गेले. वर्ष उलटलं. आता कायदा असं धरतो की ते १०० शाफ्ट १० जून २०२४ लाच विकले गेले. २०,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी ३,६०० रुपये कर झाला. वर्ष संपलं त्या महिन्याच्या विवरणात तो दाखवून भरायचा. व्याजही वर्षाला १८ टक्के, आणि तेही माल पाठवल्या दिवसापासून! म्हणजे एका वर्षाचेच ६४८ रुपये. नंतर ते शाफ्ट परत आले, तर तो प्लेटिंगवाल्याने केलेला वेगळा पुरवठा ठरतो, आणि नोंदणीकृत असल्यास त्याला त्यावर कर लावावा लागतो.

हे टाळायचं तर हिशेब पार्टीनुसार न ठेवता चलनानुसार ठेवायला हवा. त्याच प्लेटिंगवाल्याकडे दर आठवड्याला माल जात असेल, तर एकूण शिल्लक पाहून जुन्या चलनावरचे १०० नग कधीच दिसणार नाहीत. माल तुकड्यांत परत येतो तेव्हा आपल्याच चलनावर शेरा मारून चालत नाही. जॉबवर्करला प्रत्येक वेळी नवं चलन काढावं लागतं. त्यावर आपल्या मूळ चलनाचा क्रमांक लिहून घेतला, तर शिल्लक लगेच कळते.

हीच माहिती आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये भरायची असते. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल, तर वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत. त्याहून मोठ्या कारखान्यांना तो दर सहा महिन्यांनी भरावा लागतो. काम खरंच लांबणार असेल, तर आयुक्त सबळ कारण पाहून मालासाठी आणखी एका वर्षापर्यंत मुदत वाढवू शकतात.