परत मारताना: कोणते प्यादे?

नमुना: स्पॅनिश डावातली अदलाबदल

पांढऱ्याचा उंट चौथ्या चालीत सी६वरचा घोडा मारतो. तो उंट परत मारायला काळ्याकडे दोन प्यादी असतात, बी७ आणि डी७.

• नेहमीचा नियम: प्याद्याने पटाच्या मध्याकडे मारावे. म्हणजे बी-प्याद्याने.

• इथे अपवाद: डी-प्याद्याने मारतात. वजिराची वाट मोकळी होते. मग घोड्याने ई५चे प्यादे खाल्ले, तर वजीर डी४वर येतो आणि घोडा व ई४चे प्यादे दोन्हींवर एकदम हल्ला करतो.

• किंमत: सी-पट्टीत एकामागे एक दोन प्यादी. पांढऱ्याच्या डी-प्याद्याची काळ्याच्या ई-प्याद्याशी अदलाबदल झाली, की राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार, काळ्याची तीन. त्यातून पांढऱ्याचे एक प्यादे मोकळे सुटते. दुसऱ्या बाजूला काळ्याचीही चार, पण जोडप्याद्यांमुळे सहसा सुटत नाही.

• भरपाई: काळ्याचे दोन्ही उंट शाबूत.

सेंट पीटर्सबर्ग, १९१४: लास्करने कापाब्लांकाला याच प्रकारात हरवले.