घारापुरी की एलिफंटा?

एकाच बेटाला, तळ्याला किंवा धबधब्याला दोन नावं असली की एक खरं आणि दुसरं चुकीचं असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. नाव देणारा कुठे उभा होता, हे त्या नावात टिकून राहतं. मुंबईजवळचं घारापुरी बेट बघा. तिथे राहणाऱ्यांसाठी ते घारापुरी, आणि आतली वस्ती शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी. म्हणजे होडी कुठे लागते त्यावरून वाड्या ओळखायच्या. पोर्तुगीज मात्र समुद्रातून आले. त्यांना धक्क्याजवळ दगडात कोरलेला भला मोठा हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाला हत्तीचंच नाव दिलं. १८१४ मध्ये त्या हत्तीची मान ढासळली. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले. आज तो जोडलेला हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे, बेटावर उरलंय ते फक्त त्याचं नाव!

शरावतीच्या धबधब्याचंही तसंच: कड्यावरच्या गावावरून जोग, खाली बऱ्याच अंतरावरच्या गावावरून गेरसोप्पा.

मग परकं नाव पुसून टाकावं, असं कुणी म्हणेल. पाट्यांवर घारापुरी आधी यावं, हे मलाही रास्त वाटतं. पण नकाशातून एलिफंटा काढलं, तर जुन्या प्रवासवर्णनांतलं बेट नेमकं कुठलं ते शोधणं अवघड होईल, आणि त्या धक्क्यावर कधीकाळी हत्ती होता याची खूणही जाईल. १९८७ च्या जागतिक वारसा यादीतही इथल्या लेण्यांची नोंद एलिफंटा अशीच आहे. दोन्ही नावं शेजारी छापली, तर हे प्रश्नच उरत नाहीत.