दहा फुटांची काच, अडीच सेकंद

दिवाळीला पंधरा दिवस होते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या एका दुकानाची शोकेस तपासायला मी गेले होते. दुकानदारांच्या आपसातल्या सजावट स्पर्धेत माझं नाव परीक्षक म्हणून कुणीतरी सुचवलं होतं. मालकांनी फुटपाथवर, काचेच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकली. "बसा मॅडम, इथून सगळं व्यवस्थित दिसतं." दिसत होतंच. पण तिथे खुर्ची टाकून साड्या न्याहाळणारं गिऱ्हाईक त्यांनीही आजवर पाहिलं नसेल.

शोकेस चालताना पाहायची असते. मोकळ्या रस्त्यावर माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. दहा फुटांची काच म्हणजे तीन मीटर. ती अडीच सेकंदांत मागे पडते. सणाच्या गर्दीत पावलं रेंगाळतात, तेव्हा फार तर पाच सेकंद. शिवाय चालणाऱ्याचं तोंड काचेकडे नसतं, रस्त्याकडे असतं. काच त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून, तिरकी दिसते. म्हणून मी खुर्ची सोडली, वीस पावलं मागे गेले आणि हातात पिशवी घेऊन इतरांसारखी चालत आले. मग उलट दिशेने एकदा. असं दोन्ही बाजूंनी चालल्याशिवाय मी गुण देत नाही.

पहिल्या फेरीत मला दिसली ती मीच. त्यामागे उन्हातल्या स्कूटर, त्यामागे कुठेतरी लालसर अंधार. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि दुकान दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणजे समोरचा फुटपाथ लख्ख उन्हात. साधी काच सरळ समोरून पाहिली तर तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे आठ टक्के परत फेकते. हे फारसं जाणवत नाही. पण काचेला लागून चालत पुढचं पाहताना नजर खूप तिरकी होते आणि हाच आकडा चाळीसच्या घरात जातो. काचेचा आरसा होतो तो असा. बाहेरचं ऊन सहज पन्नास हजार लक्सच्या वर, आतले दिवे हजार-दीड हजार लक्सचे; अशा सामन्यात आणखी चार दिवे लावून काही होत नाही.

मालकांना हे पटेना. "अठरा लाइट आहेत हो आत!" होते. पण पुतळ्यांमागे मरून मखमलीचा पडदा सोडला होता. गडद पार्श्वभूमीवर प्रतिबिंब सगळ्यात ठळक उमटतं. घरी खिडकीच्या काचेत रात्री आपला चेहरा दिसतो, त्याचं कारण हेच. तिथे फिका पडदा असता, वर दोन फुटांची कनात पुढे ओढली असती, तर दुपारचा निम्मा त्रास गेला असता.

दुसरी फेरी संध्याकाळी सातला. आता काच पारदर्शक झाली आणि दुसरीच गोष्ट उघडी पडली. आत पाच पुतळे, सगळे एका उंचीचे, एका ओळीत, सगळ्यांच्या अंगावर भरजरी साड्या, मधे थर्माकोलच्या पणत्या, वरून झेंडूची माळ आणि काचेवर नेमका डोळ्यांच्या पातळीवर 'महासेल'चा स्टिकर. फोकस कुठे आहे हे ठरवायला मी एक साधी युक्ती करते. डोळे किलकिले करायचे, इतके की तपशील पुसले जावेत. मग जो ठिपका सगळ्यात उजळ किंवा सगळ्यात वेगळा उरतो, तो त्या शोकेसचा केंद्रबिंदू. इथे उरला स्टिकर. साड्यांची मिळून एक लाल पट्टी झाली होती.

खात्रीसाठी काचेच्या पुढे दहा पावलांवर उभी राहिले आणि नुकत्याच पुढे आलेल्या तिघी-चौघींना विचारलं, "मागच्या दुकानात काय लावलं होतं हो?" एक म्हणाली, "सेल आहे वाटतं." दुसरी, "लाल काहीतरी." तिसरीने उलट मलाच विचारलं, "साड्याच असतील ना?" एकीलाही त्या पाचातली एक साडी सांगता आली नाही. परीक्षकाच्या मतापेक्षा मी या उत्तरांना जास्त मानते.

दिव्यांचंही तेच. अठराच्या अठरा थेट पुतळ्यांच्या डोक्यावर, खाली तोंड करून. त्यामुळे डोकं आणि खांदे पांढरेफटक, छातीखाली निऱ्यांपर्यंत सावली. साडीचं सौंदर्य पदरात आणि काठात. उजेड मात्र प्लास्टिकच्या टाळूवर. दिवा पुतळ्याच्या पुढे, वरून आणि थोडा बाजूने पडला की पोत उठून दिसतो. आणि ज्या साडीकडे पाहायला लावायचं आहे, तिच्यावर आजूबाजूच्या तिप्पट तरी उजेड हवा. त्याहून कमी फरक रस्त्यावरच्या डोळ्याला कळत नाही. सगळीकडे सारखा उजेड म्हणजे कुणाकडेच बोट न दाखवणं. स्वस्त, निळसर दिव्यांत तर कुंकवाचा रंग विटकरी होतो. मग बायका साडी उचलून दारात, उजेडात नेऊन बघतात, आणि सेल्समन वैतागतात.

आता किंमत. मालकांचं धोरण असं की किंमत दिसली नाही तर गिऱ्हाईक विचारायला आत येतं. काही येतही असतील. पण मध्यमवर्गीय बाई भरजरी साडी पाहते, मनातल्या मनात आकडा दुप्पट करते आणि पुढे जाते. विचारून मग नको म्हणण्याची तिला लाज वाटते. शेवटी त्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्याही लपवल्यासारख्या: मरून कार्डावर सोनेरी शाई, अंक पाच-सहा मिलिमीटरचे, आणि कार्ड पुतळ्याच्या गुडघ्याशी. दोन मीटरवरून थांबून, वाकून वाचलं तर वाचता येईल. चालताना शक्य नाही. अक्षर इंचभर उंच असेल तर दहा फुटांवरून आरामात वाचलं जातं, असा पाट्या रंगवणाऱ्यांचा हिशेब आहे. फिक्या कार्डावर काळा अंक, कमरेच्या थोडा वर, येणाऱ्याच्या दिशेने कललेला, आणि तो कुठल्या साडीचा हे शंकेला जागा न ठेवता कळणारा, एवढंच लागतं. 'नऊशे नव्याण्णवपासून' अशी पाटी बारा हजारांच्या साडीपुढे ठेवणाऱ्याला मी शून्य देते.

डिस्प्ले लावणारा मुलगा हे सगळं ऐकत होता. मालकांना न विचारताच तो आत शिरला. तीन पुतळे काढले. उरलेल्यांतला एक मागे फिक्या चादरीपुढे, आणि दुसरा, मोरपंखी साडीचा, पुढे ओढून गर्दी जिकडून येते तिकडे पाऊण वळवला. समोर तोंड केलेला पुतळा चालणाऱ्याला आडवाच दिसतो. दोन दिवे वाकवून पदरावर सोडले, स्टिकर खरवडून काढला. पुठ्ठ्यावर मार्करने ४,८५० लिहून कार्ड कमरेशी टेकवलं. अर्धा तासही लागला नाही.

पुन्हा वीस पावलं मागे जाऊन चालत आले. मोरपंखी रंग पंधरा फुटांवरूनच दिसू लागला, आकडा काचेशी पोचण्याआधी वाचून झाला. माझ्यापुढे दोघी चालल्या होत्या. एकीने मान वळवली, पाऊल मंदावलं. "अगं, पाच हजारांच्या आतच आहे की ती." दुसरी म्हणाली, "रंग बघ ना पण." आणि दोघी पुढे निघून गेल्या.

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गिऱ्हाईक मीच घालवलं. मी कागद काढला, फोकस आणि किमतीचे गुण वाढवले. चौकटीभोवती लाल दिव्यांची माळ मात्र अजून लुकलुकत होती, थेट येणाऱ्याच्या डोळ्यांत. तिचा एक कापला.