प्रश्न कमी, धागा लांब

कांदेपोह्यांच्या बैठकीतले प्रश्न ठरलेले असतात: पगार किती, फ्लॅट कुठे, भावंडं किती. कॅफेतल्या पहिल्या भेटीतही अनेकजण तीच यादी जरा सभ्य करून काढतात.

हार्वर्डमधल्या कॅरन ह्वांग आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये स्पीड डेटिंगमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी होकार जास्त मिळाले होते. म्हणजे विषय बदलत राहण्यापेक्षा एकच धागा पुढे नेणं कामी येतं.

समजा, त्याने विचारलं, “मागचा रविवार कसा गेला?” ती म्हणाली, “आजीला घेऊन मंडईत गेले होते.” इथे “बरं, आणि छंद काय?” म्हटलं की मुलाखत सुरू. त्याऐवजी “आजी भाव करते की तू?” असं विचारलं, तर आजी हिशेबाला किती पक्की, घरात कोणाचं चालतं, ती स्वतः कुणासाठी वेळ काढते, हे सगळं हसत-हसत बाहेर येतं. “तुला कुटुंब महत्त्वाचं वाटतं का?” याला मात्र कोणीही “हो”च म्हणेल.

मग त्यानेही आपलं काही सांगायला हवं: आपल्या घरी बाजारहाट बाबा करतात आणि दरवेळी कोथिंबीर विसरतात, एवढंसुद्धा पुरतं. लागोपाठ तीन प्रश्न झाले आणि स्वतःबद्दल एक वाक्यही नाही, तर चौकशीचा वास येतोच. उत्तरं एकेका शब्दावर आली, उलट प्रश्न थांबले, की विषय सोडावा. जुनं नातं, लग्नाची घाई, कर्ज हे विषय समोरच्याने काढले तरच.