समांतर रेषा आणि फरशीचा कर्ण

कागदावर खोलीचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक जण एक चौकोन काढतात, त्याच्या आत दुसरा लहान चौकोन काढतात आणि दोघांचे कोपरे जोडतात. मागची भिंत, बाजूच्या भिंती, छत, जमीन अशी खोली तयार होते. मग जमिनीवर फरशा काढायची वेळ येते आणि सगळे बिघडते. फरशी कधी उतारावरून घसरल्यासारखी दिसते, तर कधी मागे एकदम दाटून येते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. प्रत्यक्षात कधीही न भेटणाऱ्या समांतर रेषा आपल्याला भेटताना का दिसतात?

अशी एक खोली डोळ्यांसमोर आणा, जी दहा फूट रुंद, दहा फूट उंच आणि दहा फूट खोल आहे. जमिनीवर दोन फूट बाय दोन फुटांच्या शहाबादी फरशा आहेत, म्हणजे आडव्या पाच आणि उभ्या पाच. आपल्या बाजूची भिंत काढून तिथे एक मोठी काच बसवली आहे. काचेपासून दहा फुटांवर, बरोबर मध्यभागी, आपण एक डोळा मिटून उभे आहोत आणि उघडा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर आहे. आता जे दिसते ते काचेवर गिरवायचे. यथार्थदर्शन, म्हणजे ज्याला आपण पर्स्पेक्टिव्ह म्हणतो, ते एवढेच आहे.

मागची भिंत डोळ्यापासून वीस फुटांवर आहे आणि काच तिच्या निम्म्या अंतरावर. डोळ्यापासून त्या भिंतीच्या दोन्ही कडांपर्यंत दोरे ताणले, तर एक मोठा त्रिकोण होतो, आणि काच त्याला मध्यावर छेदते. समरूप त्रिकोणांच्या नियमाने काचेवर भिंतीची रुंदी निम्मी, म्हणजे पाच फूट उमटते. खोली आणखी लांब असती आणि भिंत शंभर फुटांवर असती, तर ती एक फूट उमटली असती. हजार फुटांवर असती, तर जेमतेम सव्वा इंच. अंतर जितके पट वाढते, रुंदी तितके पट कमी होते. ती शून्य मात्र कधीच होत नाही. म्हणजे जमिनीच्या दोन कडा काचेवर एका बिंदूकडे येत राहतात, पण तिथे पोहोचत नाहीत.

तो बिंदू कोणता? डावीकडची कड आणि आपला डोळा यांच्यामधून एक सपाट पत्रा गेला आहे, अशी कल्पना करा. उजवी कड आणि डोळा यांच्यामधून दुसरा. हे दोन पत्रे एकमेकांना एका सरळ रेषेत छेदतात. ती रेषा डोळ्यातून निघते आणि दोन्ही कडांना समांतर असते. ती काचेला जिथे भोसकते, तोच आपला बिंदू. त्याला लोपबिंदू किंवा व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. थोडक्यात, रेषांना समांतर अशी नजर टाकली की ती जिथे काचेला लागते, तिथे त्या रेषा भेटताना दिसतात. म्हणूनच छताच्या कडा, पलंगाच्या बाजू, फरशांचे उभे सांधे, जे जे सरळ मागे जाते, त्या सगळ्यांचा बिंदू एकच असतो आणि तो आपल्या डोळ्याच्या पातळीवर असतो. खोलीच्या उभ्या कडा आणि आडवे सांधे मात्र काचेलाच समांतर असतात. त्यांना समांतर टाकलेली नजर काचेला कधी लागतच नाही. त्यामुळे ते चित्रातही समांतरच राहतात.

आता कागदावर येऊ. एका फुटाला दीड सेंटिमीटर धरा आणि आडव्या कागदावर, डाव्या बाजूला, पंधरा सेंटिमीटरचा चौरस काढा. हीच आपली काच. चौरसाच्या मध्यभागी लोपबिंदू द्या आणि त्यातून उजवीकडे कागदाच्या कडेपर्यंत आडवी क्षितिजरेषा काढा. चौरसाच्या खालच्या बाजूचे तीन-तीन सेंटिमीटरचे पाच भाग करा आणि प्रत्येक खुणेपासून लोपबिंदूपर्यंत रेषा ओढा. हे झाले उभे सांधे. इथपर्यंत कुणाचे फारसे चुकत नाही. चुकते ते आडव्या सांध्यांमध्ये. ते किती किती अंतरावर काढायचे?

हा प्रश्न जुना आहे. इटलीतील लेओन बातिस्ता अल्बेर्ती याने 1435 साली चित्रकलेवर एक ग्रंथ लिहिला. फरशीची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन तृतीयांश काढणाऱ्या चित्रकारांची चूक त्याने त्यात दाखवून दिली आहे. आपल्या खोलीत पहिली ओळ सव्वा सेंटिमीटर उंच येते. तिथून पुढच्या ओळी साधारण 0.89, 0.67, 0.52 आणि 0.42 सेंटिमीटर येतात. दुसरी ओळ पहिलीच्या सुमारे 71 टक्के आहे, तर पाचवी चौथीच्या 80 टक्के. म्हणजे कुठलेही एक ठरावीक गुणोत्तर इथे चालत नाही.

सुदैवाने ही आकडेमोड करावी लागत नाही. चौरस फरशीचा कर्ण घ्या. तो सरळ मागे न जाता पंचेचाळीस अंशांनी तिरपा जातो. त्याला समांतर नजर टाकली, तर दहा फूट पुढे जाताना ती दहा फूट उजवीकडे सरकते. म्हणजे कर्णांचा लोपबिंदू क्षितिजरेषेवर, मधल्या बिंदूपासून पंधरा सेंटिमीटर उजवीकडे आहे. चौरसाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून तिथपर्यंत एक रेषा ओढा. ती उभ्या सांध्यांना जिथे जिथे छेदेल, तिथून आडव्या रेषा काढा. पाचही ओळी आपोआप योग्य उंचीच्या येतात आणि शेवटची रेषा मागच्या भिंतीची खालची कड असते. दोन तृतीयांशाने काढलेल्या फरशीवर पट्टी ठेवून पाहा. लागोपाठच्या फरशांचे कर्ण एका रेषेत येत नाहीत, वाकतात. अल्बेर्तीनेही हीच कसोटी सांगितली आहे.

या कर्णात आणखी एक गोष्ट लपलेली असते. दोन लोपबिंदूंमधले अंतर म्हणजे चित्रापासून डोळा किती दूर हवा, त्याचे माप. आपल्या चित्रात ते पंधरा सेंटिमीटर आहे, आणि कागद आपण सहसा तीस सेंटिमीटरवर धरतो. भूमितीच्या हिशेबाने तेवढ्या अंतरावरून दहा फूट खोल खोली वीस फूट खोल भासते आणि चौरस फरशा लांबट दिसू लागतात. यावर उपाय असा, की दुसरा कागद जोडून कर्णाचा बिंदू तीस सेंटिमीटरवर न्यावा. मग मागची भिंत साडेसात ऐवजी दहा सेंटिमीटरची येते आणि खोली शांत, चौरस दिसते.

फ्लॅटच्या जाहिरातीतला हॉल प्रत्यक्षाहून ऐसपैस का दिसतो, तेही यातून कळते. वाइड अँगल लेन्सने काढलेला फोटो खरे तर डोळा अगदी जवळ नेऊन पाहायला हवा, आणि आपण तो हातभर लांबून पाहतो. फोटो भिंतीच्या समोरून काढलेला असेल आणि जमिनीवर चौरस टाइल्स दिसत असतील, तर पट्टी घ्या. टाइल्सच्या सांध्यांवरून मधला बिंदू शोधा, त्यातून आडवी रेषा काढा आणि एका टाइलचा कर्ण तिला मिळेपर्यंत वाढवा. दोन बिंदूंमधले अंतर मोजा. ते आठ सेंटिमीटर आले आणि आपण फोटो चाळीस सेंटिमीटरवरून पाहत असलो, तर दिसणारी खोली पाच पट ताणलेली आहे. हॉलची खरी लांबी हवी असेल, तर टाइल्स मोजाव्यात.