‘टू क्विकली फिनिश’ : चूक की बरोबर?

इंग्रजीत अर्ज किंवा अहवाल लिहिताना ‘टू क्विकली फिनिश’ असे लिहिले की संगणक कधी कधी त्याखाली रेघ ओढतो. जुन्या वळणाचे शिक्षकही लाल शाई वापरतात. ‘टू’ आणि ‘फिनिश’ या जोडीच्या मध्ये ‘क्विकली’ हे क्रियाविशेषण शिरले, एवढाच त्याचा गुन्हा. याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात.

मराठीत हा प्रश्नच येत नाही. ‘संपवायला’ हा एकच शब्द आहे, त्याच्या पोटात ‘लवकर’ घुसवता येत नाही. इंग्रजीत मात्र ‘टू’ सुटा लिहिला जातो आणि मध्ये शब्द घालण्याची रीत तेराव्या शतकापासून आढळते. तिच्यावर हरकत जोरात घेतली गेली ती एकोणिसाव्या शतकात. हेन्री ऑल्फर्ड यांनी 1864 साली या रचनेला नावे ठेवली आणि पुढे शाळांनी त्याचा नियम करून टाकला. 1926 साली फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात सांगितले, की अर्थ संदिग्ध होत असेल किंवा वाक्य ओढूनताणून केल्यासारखे वाटत असेल, तर त्यापेक्षा जोडी तोडलेली बरी.

मग तपासायचे कसे? मधला शब्द हलवून पाहायचा. ‘द कमिटी डिसायडेड टू क्विकली फिनिश द रिपोर्ट’ हे वाक्य घ्या. ‘क्विकली’ शेवटी नेला, तर ‘टू फिनिश द रिपोर्ट क्विकली’ होते. अर्थ तोच, ओघही चांगला. औपचारिक पत्रात हेच लिहावे. पण तोच शब्द ‘टू’च्या आधी नेला, तर ‘डिसायडेड क्विकली टू फिनिश’ होते आणि घाई निर्णयाची की अहवालाची, हे कळेनासे होते. रेघ घालवण्याच्या नादात असा बदल करू नका.

कधी शब्द हलवला की अर्थच पालटतो. ‘ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड इट’ म्हणजे त्याला ते पूर्ण समजले नाही, थोडे समजले असेल. ‘ही कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड इट’ म्हणजे काहीच समजले नाही. आणि ‘वी एक्स्पेक्ट सेल्स टू मोअर दॅन डबल’ यात विक्री दुपटीहून जास्त वाढेल असे सांगायचे आहे. इथे ‘मोअर दॅन’ला ‘डबल’च्या अगदी आधीच बसावे लागते.

तेव्हा ‘टू क्विकली फिनिश’ ही व्याकरणाची चूक नाही. परीक्षक किंवा वरिष्ठ जुना नियम पाळणारे असतील, तर अर्थ न बिघडवता शब्द हलवा. अर्थ बिघडत असेल, तर तो जिथे आहे तिथेच राहू द्या.