साठ तासांची रुजवात

पुण्याच्या उत्तरेकडील औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याचे जुने हिशोबदफ्तर, म्हणजे पंधरा वर्षे घरच्याच माणसांनी रचत आणलेली संगणकप्रणाली, बंद करून सर्व व्यवहार सॅपवर न्यावयाचे ठरले, तेव्हा त्या स्थलांतरासाठी आम्हांस शुक्रवार 28 जून 2019 च्या सायंकाळी सहापासून सोमवार 1 जुलैच्या सकाळी सहापर्यंतची मुदत मिळाली होती. हे साठ तास एकदाच येणार होते. म्हणून डिसेंबर ते जून या सात महिन्यांत त्यांच्या चार तालमी, ज्यांना कचेरीत सर्वजण ‘मॉक’ म्हणत, आम्ही घेतल्या. आज मागे वळून पाहताना वाटते की, जे काही शिकलो ते त्या तालमींतच शिकलो.

पहिली तालीम 91 तास चालली. आकडा पाहून व्यवस्थापक मंडळी हबकली, आणि अधिक शक्तीचा सर्व्हर घ्यावा काय, अशी चर्चाही सुरू झाली. सुदैवाने प्रत्येक पायरीचा आरंभ व शेवट मिनिटांसह लिहून ठेवण्याची सक्ती आम्ही स्वतःवर केली होती. ती नोंदवही चाळली तेव्हा दिसले की, डेटा प्रत्यक्ष चढविण्यात 44 तासच गेले होते. उरलेला काळ चुका दुरुस्त करण्यात आणि वाट पाहण्यात गेला होता. ग्राहकांच्या येणे रकमा रात्री दीड वाजता चढून तयार होत्या, परंतु त्या तपासून सही करणारा हिशोबखात्यातील मनुष्य सकाळी साडेआठला आला. हे सात तास कोणत्याही यंत्राने वाचले नसते. दुसऱ्या तालमीपासून सही करणाऱ्यांच्या पाळ्या लागल्या.

तथापि त्या पहिल्या तालमीचा खरा धडा वेळेचा नव्हताच. येणे रकमांचा ताळा पैशापर्यंत जुळला म्हणून आम्ही समाधानाने निजलो होतो; आणि तो ताळा पोकळ होता. जुन्या प्रणालीतून काढलेली फाईल व नव्या प्रणालीत चढलेल्या नोंदी यांची तुलना आम्ही केली होती, आणि त्या दोहोंत फरक पडण्याचे कारणच नव्हते. फाईल काढणाऱ्या आज्ञावलीने व्यवहार थांबविलेले ग्राहक वगळले होते. त्यांतील 37 जणांकडे कारखान्याचे पैसे येणे होते, आणि ते फाईलमध्ये आलेच नाहीत, मग नव्या खतावणीत कोठून दिसणार? जुन्या प्रणालीच्या स्वतःच्या तेरजेशी बाकी ताडून पाहिली तेव्हा हे उघड झाले. तेव्हापासून रुजवात तीन ठिकाणी घालावयाची, असा दंडक पडला: जुनी तेरीज, मधली फाईल आणि नवी खतावणी, आणि जुनी तेरीज काढणाऱ्याने फाईल काढणाऱ्याची आज्ञावली वापरावयाची नाही.

दुसऱ्या तालमीतील, फेब्रुवारीतील, एक रात्र मला विशेष स्मरते. स्थलांतरासाठी एक तात्पुरते खाते उघडलेले असते. माल नव्या प्रणालीत चढला की मालखाते नावे पडते व हे खाते जमा होते. पुढे तेरजेतील बाक्या चढविताना मालाची बाकी उलट बाजूने याच खात्यावर टाकतात. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या असतील तर खाते शेवटी शून्यावर यावे. त्या रात्री ते शून्यावर आले नाही. पैसे सोडून दिले तर बाकी होती 18,21,60,000 रुपये. वस्तूंची संख्या जुळत होती, नगांची बेरीज जुळत होती; केवळ मूल्य बिघडले होते. आम्ही तरुण मंडळी हजारो ओळींची यादी वरून खाली वाचू लागलो. हिशोबखात्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ मागे उभे होते. ते म्हणाले, “यादी ठेवा बाजूला. फरकाला नवाने भाग जातो का, ते आधी पाहा.” अंकांची उलटापालट झाली की फरक नवाच्या पटीत पडतो, हा वहीखात्याच्या काळातील जुना ताळा. भाग गेला. मग त्यांनी नव्व्याण्णवाने भागावयास सांगितले, आणि उत्तर आले 18,40,000. तो आकडा त्यांना तोंडपाठ होता: नट, बोल्ट व वायसर यांच्या साठ्याची बाकी.

उलगडा क्षणात झाला. जुन्या प्रणालीत हा बारीक माल शेकड्याच्या भावाने मांडलेला असे. आठ मिलिमीटरच्या एका बोल्टचा भाव 340 रुपये शेकडा. 50,000 बोल्टांचे मूल्य 1,70,000. आमच्या फाईलमध्ये भाव होता, पण तो किती नगांचा हे सांगणारा रकाना रिकामा होता, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ नव्या प्रणालीने एक नग असा लावला. त्याच बोल्टांचे मूल्य 1,70,00,000 झाले. खऱ्याहून शंभरपट, म्हणजे फरक खऱ्याच्या नव्व्याण्णवपट. हीच चूक त्या जूनच्या रविवारी प्रथम दिसली असती, तर ती शोधण्यास किती वेळ लागला असता, हे मी अनुमानानेही सांगू धजत नाही.

एप्रिलची तालीम 62 तासांवर आली, आणि तिने एक वेगळीच अडचण पुढे केली. माल चढविण्याचे काम सहा भागांत वाटून एकाच वेळी चालवावे, म्हणजे ते झपाट्याने उरकेल, असा आमचा हिशोब होता. पण भाग पाडले होते गोदामांप्रमाणे. एकच वस्तू तीन गोदामांत असली की तीन कामे तिच्याच मूल्याच्या नोंदीपाशी येऊन एकमेकांना अडवीत, आणि अडलेल्या नोंदी नापास होऊन बाहेर पडत. वाटणी वस्तूंप्रमाणे केली, एका वस्तूच्या सर्व नोंदी एकाच भागात ठेवल्या, आणि अडवणूक संपली. याच तालमीत आम्ही माघारीचीही तालीम घेतली: जुनी प्रणाली, दरवाजावरचा वजनकाटा व बारकोडची यंत्रे पूर्ववत चालू करण्यास दहा तास लागले. त्यावरून निर्णयाची घटका ठरली, रविवार दुपारी चार. त्यानंतर मागे फिरणे नाही. फरक किती रुपयांपर्यंत सोसावयाचा आणि सही कोणाची, हेही तेव्हाच लेखी ठरले, कारण थकलेल्या माणसांसमोर आकडा आला की सोसण्याची मर्यादा त्या आकड्याकडे सरकू लागते, हे आम्ही दोनदा पाहिले होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील रंगीत तालीम 51 तासांत पार पडली.

प्रत्यक्ष प्रसंगी 54 तास लागले. तिमाहीच्या अखेरीस अपूर्ण ऑर्डरी तालमीपेक्षा अधिक होत्या, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या कोणत्याच तालमीने दाखविले नव्हते, आणि दाखविणे शक्यही नव्हते. कारण तालीम होत होती जुन्या प्रणालीच्या प्रतीवर, आणि प्रतीच्या दरवाजावर मालमोटार येत नाही. शुक्रवारी सहाला व्यवहार गोठले, आणि साडेसहाला पावसात अडकून उशीर झालेली पहिली मालमोटार दरवाजावर उभी राहिली. रात्रीपर्यंत अकरा झाल्या. माल उतरवून घेतला, तो वेगळ्या जागी दोरी बांधून ठेवला, जेणेकरून तो गोठविलेल्या साठ्यात मोजला जाऊ नये. आणि दरवाजावरील मुकादमाने एका कोऱ्या वहीत चलान क्रमांक, वजन व वेळ शाईने लिहून घेतली. हा माल चढत्या साठ्यात शिरला नाही ना, हे जागेवर जाऊन ताडून पाहण्यात ते जादा तास गेले.

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तात्पुरत्या खात्यावर 41 रुपये बाकी उरली. मर्यादा पाचशेची होती. त्या ज्येष्ठ गृहस्थांनी तरीही ते एक्केचाळीस रुपये कोणत्या सात वस्तूंच्या भावातील पैशांच्या फरकाने आले ते कागदावर मांडले, आणि मगच सही केली. सोमवारी सकाळी वहीतील अकरा चलाने नव्या प्रणालीत चढली, आणि मुकादमाने प्रत्येक ओळीपुढे नवा क्रमांक आपल्या हाताने लिहिला.